फ्लशच्या टाकीत गोळी टाकताय? कमोड चमकेल, पण वॉशरचं काय होतं ते समजून घ्या

रील्स बघताना हा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. कुणीतरी फ्लशच्या टाकीचं झाकण उचलतं, आत एक निळी गोळी टाकतं, बटण दाबतं आणि कमोडमध्ये निळंशार पाणी येतं. खाली कॅप्शन असतं: 'आता महिनाभर ब्रश हातात घ्यायची गरज नाही.' काही व्हिडिओंमध्ये गोळीऐवजी टॉयलेट क्लीनरच्या बाटलीला बारीक भोक पाडून ती आख्खी बाटलीच टाकीत उभी केलेली असते. कमेंटमध्ये लोक 'भारी आयडिया' म्हणतात आणि व्हिडिओ पुढे पाठवतात.

या व्हिडिओंमध्ये आठ-दहा महिन्यांनंतर काय होतं, ते कुणी दाखवत नाही. तोवर टाकीच्या तळाचं रबरी वॉशर खराब होऊन पाणी गळायला लागतं. ही गळती आवाज न करता चोवीस तास चालू राहते. महिन्याला हजार-दोन हजार लिटर पाणी गेलं तरी घरातल्यांच्या लक्षात येत नाही.

हे नेमकं का होतं? गोळीत असतं काय? आणि तुमच्या घरी हे सुरू झालंय का, हे अर्ध्या तासात कसं ओळखायचं?

आमच्या घरी काय झालं?

सुरुवात घरच्याच उदाहरणापासून करते. आम्ही पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, घरात तीन माणसं. गेल्या वर्षी आईने टाकीत टाकायच्या गोळ्या आणल्या. पाकिटावर 'ब्लीचसह' असं लिहिलं होतं आणि एक गोळी साधारण महिनाभर टिकेल असंही. सुरुवातीला ती खरंच महिनाभर टिकायची.

आठ-नऊ महिन्यांनी गोळी सतरा-अठरा दिवसांतच संपायला लागली. आईचं म्हणणं, "या वेळी डुप्लिकेट माल आलाय." तिने दुकान बदललं, तरी तेच. त्याच सुमारास रात्री बाथरूममधून अधूनमधून पाणी भरल्याचा आवाज यायला लागला. कुणी फ्लश केलेला नसायचा, तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी टाकी थोडी भरून घ्यायची. आम्हाला वाटलं, बॉलकॉक बिघडला असेल.

प्लंबर काका आले. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, गोळी टाकता का हो टाकीत?"

त्यांनी फ्लश व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढला आणि त्याच्या तळाचं काळं वॉशर माझ्या हातात दिलं. ते हाताला मऊ आणि चिकट लागत होतं. कडा एका बाजूने वर वळल्या होत्या. बोटांना काजळ लागावं तसा काळा डाग पडला, तो साबणानेही चटकन जाईना. काका म्हणाले, "बॉलकॉक चांगला आहे. खालून पाणी चाललंय, म्हणून तो बिचारा सारखं भरतोय."

म्हणजे गोळी डुप्लिकेट नव्हती. टाकीतून सतत पाणी गळत होतं, त्याच्या जागी सतत नवं पाणी येत होतं आणि त्या वाहत्या पाण्यात गोळी लवकर विरघळत होती. गोळी लवकर संपणं हीच गळतीची खूण होती. आम्ही मात्र त्यावर उपाय म्हणून नवी गोळी टाकत होतो.

टाकीच्या आत असतं काय?

झाकण उघडून बघितलं तर आत दोन मुख्य भाग दिसतात. एक पाणी आत घेणारा, त्याला आपण बॉलकॉक म्हणतो. पाणी ठरावीक पातळीवर आलं की तो बंद होतो. दुसरा टाकीच्या मधोमध उभा असलेला फ्लश व्हॉल्व्ह. बटण दाबलं की हा वर उचलला जातो, पाणी कमोडमध्ये जातं, मग तो पुन्हा खाली बसतो.

या व्हॉल्व्हच्या तळाला एक गोल वॉशर असतं. जुन्या आणि स्वस्त टाक्यांमध्ये ते बहुधा काळ्या रबराचं असतं, नव्या ड्युअल फ्लशमध्ये बऱ्याचदा पांढरट किंवा लाल सिलिकॉनचं. टाकीतलं सगळं पाणी अडवून ठेवायचं काम या एका चकतीचं. ती प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कडेवर बसते आणि वरच्या पाण्याच्या वजनाने घट्ट दाबली जाते. त्यासाठी ती लवचिक असावी लागते आणि तिची कड सपाट असावी लागते. यातली एक गोष्ट जरी बिघडली तरी पाणी झिरपायला लागतं.

आता कमोडच्या भांड्याचा विचार करा. ते सिरॅमिकचं असतं आणि त्यावर काचेसारखा थर असतो. ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल या थराचं सहसा काही बिघडवत नाही. म्हणूनच क्लीनर बनवणाऱ्यांना ते जोरकस बनवता येतं. टाकीच्या आतले भाग मात्र रबर, प्लॅस्टिक आणि थोड्या धातूचे असतात आणि ते साध्या पाण्यात राहण्यासाठी बनवलेले असतात.

अडचण इथेच आहे. साफ करायचंय भांडं, पण रसायन ठेवलं जातं टाकीत. भांड्यात टाकलेलं क्लीनर पंधरा-वीस मिनिटांत धुऊन जातं. टाकीतली गोळी दिवसरात्र वॉशरच्या शेजारी बसून असते.

पाण्यात क्लोरीन तर नळालाही येतं, मग फरक काय?

हा प्रश्न रास्त आहे. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पाण्यात शिल्लक राहणारं मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं म्हटलंय. एवढ्या क्लोरीनमध्ये चांगलं वॉशर वर्षानुवर्षं टिकतं.

आता गोळीचा ढोबळ हिशोब करू. समजा ५० ग्रॅमची गोळी आहे, तिच्यातलं ६० टक्के वजन कामाला येणाऱ्या क्लोरीनचं आहे आणि ती ३० दिवस टिकते. म्हणजे ३० ग्रॅम क्लोरीन ३० दिवसांत, दिवसाला १ ग्रॅम. घरात दिवसाला १५ वेळा फ्लश होतो आणि दर वेळी ६ लिटर पाणी जातं असं धरलं, तर दिवसाचं पाणी झालं ९० लिटर. १ ग्रॅम भागिले ९० लिटर, म्हणजे लिटरमागे सरासरी ११ मिलिग्रॅम. नळाच्या पाण्यातल्या किमान पातळीच्या सुमारे पन्नासपट.

पण सरासरीत खरी गोष्ट लपते. रात्री आठ तास कुणी फ्लश केला नाही तर गोळी त्याच ६ लिटर पाण्यात विरघळत राहते. त्याच वेगाने विरघळली असं धरलं तर सकाळपर्यंत त्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅमहून जास्त क्लोरीन जमा होतं. साचलेल्या पाण्यात विरघळण्याचा वेग थोडा मंदावतो, पण दुसरीकडे गोळी तळाला बसलेली असते. तिच्याभोवतीचं पाणी वरच्या पाण्यापेक्षा जास्त तीव्र असतं आणि वॉशरही तळालाच असतं.

यावरून हेही कळतं की सर्वांत जास्त नुकसान कधी होत असेल. दिवाळीत आठ दिवस गावाला जाताना आपण टाकीत नवी गोळी टाकून जातो, 'परत येऊ तेव्हा वास नको' म्हणून. ते आठ दिवस वॉशर तीव्र द्रावणात भिजत असतं. क्वचित वापरल्या जाणाऱ्या पाहुण्यांच्या बाथरूमचंही तेच. वापर कमी म्हणून टाकी जास्त टिकेल असं वाटतं. गोळी असेल तर उलटं होतं.

रबराचं नेमकं काय बिघडतं?

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. या साखळ्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात, म्हणून रबर ताणलं की परत जागेवर येतं. क्लोरीनसारखी रसायनं या साखळ्यांच्या कमकुवत जागांवर हल्ला करतात. नैसर्गिक रबरात अशा जागा भरपूर असतात, काही कृत्रिम रबरांमध्ये खूप कमी.

साखळ्या तुटत गेल्या की रबर मऊ आणि चिकट होतं. रबराला काळा रंग देणारी कार्बनची बारीक पूड मग सुटी होते. माझ्या बोटांना लागलं ते हेच. कधी उलटही होतं. साखळ्यांमध्ये नव्या गाठी बसतात आणि रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात. काही वेळा ते पाणी शोषून फुगतं आणि वाकडं होतं. तिन्हींचा परिणाम एकच, कड सपाट बसत नाही.

हे निरीक्षण फक्त प्लंबरचं नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरायला सुरुवात झाल्यावर नळजोडणीतल्या रबरी भागांच्या तक्रारी वाढल्या. तिथल्या पाणीपुरवठा क्षेत्रातल्या संशोधन संस्थेने १९९३ मध्ये यावर अहवाल प्रसिद्ध केला. रबर फुगणं, पृष्ठभागाला भेगा पडणं, लवचिकता कमी होणं हे परिणाम त्यात नोंदवले आहेत. बहुतेक रबरांवर क्लोरामाइनचा परिणाम तेवढ्याच क्लोरीनपेक्षा जास्त दिसला. नैसर्गिक रबर आणि त्याच्या जवळचे प्रकार लवकर बिघडले, तर खास बनवलेली नवी कृत्रिम रबरं चांगली टिकली.

म्हणूनच एकच गोळी वापरणाऱ्या दोन घरांचा अनुभव वेगळा असू शकतो. एकाकडे सिलिकॉनचं वॉशर आहे आणि त्याला तीन वर्षांत काही झालेलं नाही. दुसऱ्याकडे स्वस्त काळं रबर आहे आणि ते वर्षाच्या आत गेलं. 'आमच्याकडे तर काहीच होत नाही' असं कमेंटमध्ये लिहिणारे खोटं बोलत नसतात. त्यांचं वॉशर वेगळं असतं.

सगळ्या गोळ्या सारख्याच वाईट का?

नाही. बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार ब्लीच किंवा क्लोरीनवाल्या गोळ्यांचा. पाकिटामागे घटकांमध्ये 'कॅल्शियम हायपोक्लोराइट', 'ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड' किंवा 'ब्रोमोक्लोरो' अशी सुरुवात असलेलं लांबलचक नाव दिसलं, की ती या गटातली समजा. उघडल्यावर जलतरण तलावासारखा वास येतो. वॉशरला सर्वांत जास्त धोका हिच्यापासून.

दुसरा प्रकार फक्त निळा रंग, साबणासारखा फेस देणारा घटक आणि सुगंध असलेल्या गोळ्यांचा. यात क्लोरीन नसेल तर रबराची झीज खूपच कमी होते. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. गोळी पूर्ण विरघळत नाही, तिचा चिकट गाळ तळाला बसतो. त्यातला एखादा कण वॉशरखाली अडकला तरी गळती सुरू होते, वॉशर धडधाकट असतानाही. शिवाय सुगंधासाठी वापरलेली काही तेलं रबर फुगवतात. पांढऱ्या फिनाइलमधल्या पाइन तेलाचंही तेच, त्यामुळे फिनाइल टाकीत ओतणं हाही चांगला उपाय नाही.

मग बाटलीतलं टॉयलेट क्लीनर?

आपल्याकडचे लोकप्रिय जाडसर टॉयलेट क्लीनर बहुतेक आम्लाचे असतात. लेबलवर साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल लिहिलेलं दिसतं. भांड्यावरचा पिवळट थर मुख्यतः क्षारांचा असतो आणि आम्ल तो विरघळवतं. त्या कामासाठी ते योग्यच आहे.

टाकीत मात्र ते वेगळ्या पद्धतीने नुकसान करतं. पातळ आम्ल चांगल्या रबराला ब्लीचइतकं लवकर खात नाही. पण स्वस्त रबरात भर म्हणून खडूची पूड मिसळलेली असते. क्षार विरघळवणारं आम्ल ही पूडही विरघळवतं आणि रबर सच्छिद्र होतं. टाकीतले स्क्रू, स्प्रिंग, नटबोल्ट यांना आधी गंज चढतो. स्टीलच्या भागांवरही क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. काही व्हॉल्व्हमध्ये अ‍ॅसिटल नावाचं कडक प्लॅस्टिक वापरतात. एरवी ते मजबूत असतं, पण तीव्र आम्ल आणि क्लोरीन या दोन्हींपुढे ठिसूळ होतं. त्यामुळे बाटलीला भोक पाडून ती टाकीत ठेवण्याची आयडिया म्हणजे या सगळ्या भागांना रोज आम्लाच्या पाण्यात बुडवणं.

इथे एक गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. टाकीत ब्लीचची गोळी आणि भांड्यात आम्लाचं क्लीनर, असं एकाच वेळी कधीही करू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. छोट्या, बंद बाथरूममध्ये तो डोळे, घसा आणि फुप्फुसांना इजा करू शकतो. दमा असलेल्यांसाठी तर जास्तच धोक्याचा. टाकीत गोळी आहे हे घरकामाला येणाऱ्या ताईंना माहीत नसतं, त्या भांड्यात क्लीनर टाकून फ्लश करतात आणि 'वास डोक्यात गेला' म्हणून बाहेर येतात. असा तिखट वास आला तर लगेच बाहेर पडा, दार-खिडकी उघडी ठेवा. श्वासाला त्रास झाला किंवा खोकला थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा.

गळती किती, हे घरीच कसं मोजायचं?

काकांनी वॉशर बदलण्याआधी मी एक चाचणी केली. तुम्हीही करू शकता. लागतं फक्त पेन्सिल, पट्टी आणि अर्धा तास.

टाकी पूर्ण भरू द्या. मग टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. आता बॉलकॉक नवं पाणी घेऊ शकणार नाही. टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा. अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. मग पातळी किती खाली गेली ते मोजा.

आमच्या टाकीची आतली लांबी ३८ सेंटिमीटर आणि रुंदी १३ सेंटिमीटर. गुणाकार ४९४, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की जवळपास अर्धा लिटर पाणी गेलं. अर्ध्या तासात पातळी ३ सेंटिमीटर उतरली होती. म्हणजे दीड लिटर. तासाला ३ लिटर, दिवसाला ७२ लिटर, महिन्याला २ हजार १६० लिटर.

हा आकडा समजून घ्यायचा तर असं बघा. सांडपाणी वाहिन्या असलेल्या शहरांत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधला निकष आहे. आमची टाकी त्यातला निम्म्याहून जास्त वाटा रोज गटारात सोडत होती. ४० फ्लॅटच्या सोसायटीत अशा पाच टाक्या असल्या तर दिवसाला ३६० लिटर होतात. चार आठवड्यांत १० हजार लिटर, म्हणजे एक टँकर. उन्हाळ्यात टँकरचं बिल मात्र सगळ्या सोसायटीत वाटून जातं, त्यामुळे गळणाऱ्या टाकीच्या मालकालाही ते वेगळं जाणवत नाही. गळती वाढली तर हा आकडा बराच मोठा होऊ शकतो. गळका कमोड दिवसाला सुमारे २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर पाणी वाया घालवू शकतो, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते.

आता गळतीचं कारण ओळखायचं. पाण्याची पातळी ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडापर्यंत जाऊन तिथून पाणी पडत असेल तर दोष बॉलकॉकचा. अँगल कॉक बंद असताना पातळी उतरत असेल तर दोष खालच्या वॉशरचा किंवा ते जिथे बसतं त्या कडेचा. व्हॉल्व्ह काढून बघा. वॉशरला बोट लावल्यावर काळं लागलं, ते चिकट, फुगलेलं किंवा भेगाळलेलं दिसलं, तर रसायनाचा संशय बळावतो. वॉशर चांगलं आहे पण कडेवर पांढरा, खरखरीत थर आहे, तर तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार. आपल्याकडे हे कारणही तितकंच नेहमीचं आहे, म्हणून प्रत्येक गळतीचा दोष गोळीला देता येणार नाही. आणि दहा वर्षं जुनं वॉशर गोळीशिवायही जाणारच.

हे आधी कुणी सांगत का नाही?

सांगितलेलं असतं, पण चुकीच्या जागी. फ्लुइडमास्टर ही टाकीचे भाग बनवणारी अमेरिकी कंपनी आपल्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिते की ब्लीच किंवा क्लोरीन असलेली, टाकीत टाकायची क्लीनर वापरू नका. त्याने टाकीतले भाग खराब होतात, पाणी वाहून घराचं नुकसान होऊ शकतं आणि वॉरंटीही रद्द होते.

पण हे पत्रक टाकीच्या खोक्यात येतं. आपल्याकडे टाकी बसवतो बिल्डरचा माणूस आणि खोकं जातं भंगारात. गोळी विकत घेतो दुसराच माणूस, दुसऱ्याच दुकानातून, आणि गोळीच्या पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते जंतू आणि सुगंधाबद्दल. भाड्याच्या घरात तर गोळी टाकतो भाडेकरू, टाकी असते मालकाची आणि वॉशर जातं तेव्हा दोघांनाही वाटतं की 'फिटिंगच हलकं होतं'. नुकसान हळूहळू होतं, त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

मग करायचं काय?

टाकीत आत्ता गोळी असेल तर रबरी हातमोजे घालून ती बाहेर काढा आणि चार-पाच वेळा फ्लश करून टाकी धुऊन घ्या. त्या दिवशी भांड्यात आम्लाचं क्लीनर वापरू नका.

क्लीनर वापरायचं ते भांड्यातच. कडेखाली सोडा, लेबलवर लिहिलेला वेळ थांबा, ब्रश फिरवा, फ्लश करा. सुगंध हवाच असेल तर भांड्याच्या आतल्या कडेला अडकवायचा ब्लॉक घ्या. त्यावरून गेलेलं पाणी थेट खाली जातं, टाकीत येत नाही.

टाकीत क्षार जमले असतील तर पाणी बंद करून टाकी रिकामी करा, व्हॉल्व्ह बाहेर काढा आणि लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मऊ ब्रशने घासा. मग स्वच्छ पाण्याने धुऊन परत बसवा. ब्लीच वापरत असाल तर ती पूर्ण धुतली गेल्यावरच हे करा.

वॉशर बदलायचं असेल तर जुनं वॉशर सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं असतं, फोटोवरून अंदाज चुकतो. तुमच्या व्हॉल्व्हसाठी सिलिकॉनचं मिळत असेल तर तेच मागा. भिंतीतल्या कन्सील्ड टाकीत व्हॉल्व्हपर्यंत बटणाच्या प्लेटमधून जावं लागतं, तिथे ओळखीचा प्लंबर बोलावलेला बरा.

आमच्याकडे नवं वॉशर ८० रुपयांना आलं आणि काकांनी कामाचे ३५० रुपये घेतले. ते गेल्यावर मी पुन्हा अँगल कॉक बंद केला, रेघ मारली आणि अर्धा तास थांबले. पाणी रेघेवरच होतं. रात्रीचा आवाजही बंद झाला. कपाटात दोन गोळ्या उरल्या होत्या. त्यांचं काय करायचं, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "दुकानदाराला परत करते. आणि मागच्या महिन्यात डुप्लिकेट म्हणून त्याच्याशी भांडले होते ना, तेही सांगून येते."